व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोतली सही दुसरीकडून उचललेली आहे का, हे कसं बघायचं

प्रश्न: चुलत भावाने बाबांच्या सहीच्या ना-हरकत पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. बाबा म्हणतात सही माझीच दिसते पण असं पत्र मी कधी दिलेलंच नाही. दुसऱ्या कुठल्या फोटोतून सही उचलून चिकटवली आहे का हे नुसत्या फोटोवरून कळतं का? एकाने ईएलए, म्हणजे फोटोत कुठे फेरफार झालाय ते उजळ-गडद करून दाखवणारी चाचणी, करून बघितलं, त्यात सही चमकते म्हणाला.

उत्तर:

कळू शकतं, पण एकाच बाजूने. चिकटवलेली आहे हे फोटोवरून कधीकधी अगदी ठामपणे दाखवता येतं, पण चिकटवलेली नाही, या कागदावरच झालेली आहे, हे नुसत्या फोटोवरून कोणालाच सांगता येत नाही आणि कोणी तसं लिहून देत असेल तर त्याच्याकडे पैसे घालवू नका. ईएलएमध्ये सही चमकली याला तर काहीच किंमत नाही, का ते पुढे सांगतो.

बाबांचं बोलणं मात्र मी गांभीर्याने घेईन. कोणी बघून बघून, गिरवून सही केली असेल तर ज्याची सही असते त्याला सहसा काहीतरी खटकतं, हे वळण माझं नाही, मी इथे पेन उचलत नाही, असं काहीतरी तो म्हणतो. उचललेली सही असते तेव्हा ती खरोखर त्याचीच असते त्यामुळे तो म्हणतो माझीच आहे, फक्त इथे कशी आली माहीत नाही. अशा केसमध्ये अक्षराचं वळण, जोर, तिरकेपणा वगैरे जुळवून काही हाती लागत नाही कारण ते सगळं जुळणारच आहे. सही कोणाची हा तुमचा प्रश्नच नाही, ती या कागदावर झाली का एवढाच आहे.

आधी फाइल. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना तो लहान करतं, परत कॉम्प्रेस करतं आणि कुठल्या फोनने कधी काढला ही आतली माहिती काढून टाकतं. फाइलचं नाव IMG-20250314-WA0007.jpg असं काहीतरी असेल, त्यातली तारीख पत्राची नाही आणि फोटो काढल्याचीही नाही, त्यावर कोणताही तर्क बांधू नका. भावाला सांगा की तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून अटॅच करून पाठव किंवा मेल कर, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. हे मागताना आरोप करायचा नाही, नीट वाचता येत नाहीये एवढंच म्हणायचं. आणि आत्ता जो फोटो आलाय तो मेसेज डिलीट करू नका, फॉरवर्डच्या फॉरवर्डवर काम करू नका, स्क्रीनशॉट तर अजिबात नको. फाइल कॉम्प्युटरवर घेतली की पहिल्यांदा तिचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा आकड्या-अक्षरांचा ठसा, काढून तारखेसकट लिहून ठेवा आणि मग तिची कॉपी करून कॉपीवरच काय ते काम करा.

```
certutil -hashfile patra.jpg SHA256
exiftool -a -G1 patra.jpg
```

पहिली ओळ विंडोजवर तशीच चालते. दुसरीसाठी ExifTool टाकून घ्यावं लागतं, मूळ फाइल मिळाली तर त्यात फोनचं मॉडेल, वेळ आणि कधीकधी एडिटिंग अ‍ॅपचं नाव दिसतं. नाव दिसलं तर उपयोगी आहे, नाही दिसलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

हे फाइलचं एवढं का सांगतोय तर जरा हिशोब बघा. समजा व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो 1200 पिक्सेल रुंद आहे आणि त्यात ए-फोर कागद काठोकाठ भरलाय. कागद 210 मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरला जेमतेम पावणेसहा पिक्सेल आले. बॉलपेनची रेघ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास धरली तर अख्ख्या रेघेला तीन पिक्सेल मिळतात. तीन पिक्सेलमध्ये पेनचा दाब, शाई कुठे साचली, रेघ थरथरली का यातलं काहीही दिसत नाही. साध्या 12 मेगापिक्सेल फोनची मूळ फाइल असेल तर तीच रेघ सात पिक्सेलची होते आणि बराच फरक पडतो.

आता चिकटवायचे रस्ते दोन आहेत आणि दोन्हींच्या खुणा वेगळ्या. एक म्हणजे पत्राचा फोटो आधी काढला आणि फोनवरच त्यावर सही आणून बसवली, म्हणजे तसा कागद जगात कुठे नाहीच. दुसरा म्हणजे कॉम्प्युटरवर पत्राखाली सही बसवली, प्रिंट मारली आणि त्या प्रिंटचा फोटो काढला. दुसऱ्या रस्त्यात फोटो म्हणून तो फोटो शंभर टक्के खरा असतो, कोणीही एडिट केलेला नसतो, त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर त्याला साफ म्हणेल. लोक इथेच फसतात.

पहिल्या रस्त्यासाठी फोटो सहाशे-आठशे टक्के मोठा करून बघा, पण नुसती सही बघत बसू नका, सहीची तुलना त्याच पानावरच्या दुसऱ्या शाईशी करा. साक्षीदाराची सही असेल, हाताने घातलेली तारीख असेल, शिक्का असेल, तेही नसेल तर सहीशेजारची छापील अक्षरं. सगळं एकाच कॅमेऱ्याने एकाच वेळी टिपलंय म्हणजे धूसरपणा सारखा हवा, कडांचा रंग सारखा हवा, कागदाचे दाणे सारखे हवेत. शेजारची तारीख किंचित हललेली आणि सही मात्र कडक स्पष्ट, किंवा उलट, असं असेल तर कान टवकारायचे. आणि पान तिरकं धरलेलं असेल तर छापील ओळी एका बाजूला निमुळत्या होत जातात, सही त्याच तिरक्यात बसते का तेही बघायचं, मात्र माणसं मुळातच तिरकी सही करतात त्यामुळे एवढ्यावरून काही ठरवू नका.

मी सगळ्यात आधी बघतो त्या सहीतल्या बंद जागा. 'व'चं पोट, 'क'ची गोळी, इंग्रजी सही असेल तर ओ किंवा डीचा फुगा. सही कापणारा बाहेरचा कागद पुसून टाकतो, पण अक्षराच्या आत अडकलेला जुन्या कागदाचा तुकडा बऱ्याचदा तसाच राहतो कारण बॅकग्राउंड काढायचं टूल बाहेरून पसरत येतं आणि बंद रेघेपाशी थांबतं. मग पोटातला रंग एक आणि बाहेर चार पिक्सेलवरचा रंग दुसरा, असं दिसतं. कलर पिकरने आतल्या पाच-सहा जागा आणि बाहेरच्या पाच-सहा जागा घेऊन आकडे लिहून काढा. आणि तसाच प्रयोग पानावरच्या एखाद्या छापील 'व'वर पण करा, कारण फोनचं शार्पनिंग काळ्या रेघेच्या बाजूला पांढुरकी कड आणतं आणि लहान पोटात ती कड सगळं पोट उजळवून टाकते. छापील अक्षरातही तेवढाच फरक येत असेल तर तो फोनचा, सहीचा नाही.

एक केस सविस्तर सांगतो म्हणजे लक्षात येईल. तुमच्यासारखंच पत्र होतं, घरगुती, जागेच्या बाबतीतलं, निळी सही, खाली ठिपक्यांची रेघ. सहीचं शेवटचं वळण खाली येऊन रेघ ओलांडत होतं. मोठं करून बघितलं तर दोन गोष्टी दिसल्या. पहिल्या अक्षराच्या पोटात फिकट हिरवट, अगदी बारीक नक्षीसारखं काहीतरी होतं, बाकी कागद ट्यूबलाइटमध्ये काढलेला पिवळट पांढरा. आणि खाली जाणारं वळण एका ठिकाणी सपाट कापल्यासारखं थांबलं होतं, हाताने थांबवलेली रेघ बहुतेक वेळा बारीक होत जाते किंवा तिथे ठिपका पडतो, ही मधूनच आडवी तोडलेली. हिरवट नक्षी म्हटल्यावर माझ्या डोक्यात चेक आला. आपल्याकडच्या चेकवर सहीच्या जागेखाली Please sign above असं छापलेलं असतं, सहीची शेपटी त्या अक्षरांत घुसली तर उचलणाऱ्याला तेवढा भाग कापावाच लागतो नाहीतर छापील अक्षरं सोबत येतात. घरच्यांना विचारलं, कोणाला चेकचा फोटो कधी पाठवला होता का. कॅन्सल केलेल्या चेकचा फोटो पाठवलेला निघाला, आणि त्यावर सही पण केलेली, जी खरं म्हणजे कॅन्सल चेकवर करायची गरजच नसते. जुन्या चॅटमधून तो फोटो मिळाला.

मग जुळवणी. ही सगळ्यात ताकदीची पायरी आहे, बाकी सगळ्या खुणा संशय देतात, ही पुरावा देते. दोन खऱ्या सह्या तंतोतंत सारख्या कधी होत नाहीत, त्यामुळे मूळ सही सापडली आणि ती वादातल्या सहीवर रेघ न रेघ बसली तर एक दुसरीवरून आलीय. हे GIMP या फोटो एडिटरमध्ये फुकट करता येतं. आधी पत्राचा फोटो सरळ करून घ्या, कागदाचे चार कोपरे धरून तो 210 बाय 297 च्या प्रमाणात बसवायचा. चेकचा फोटोही तसाच त्याच्या कडा धरून सरळ करायचा. मग एका सहीचा थर दुसऱ्यावर ठेवायचा, पारदर्शकता अर्धी करायची आणि फक्त लहानमोठं करून आणि फिरवून पहिला बिंदू आणि शेवटचा बिंदू जुळवायचा. बस, याच्यापुढे हात लावायचा नाही. हे दोन बिंदू तुम्ही जुळवलेत, मधलं सगळं आपोआप बसतंय का ते बघायचं. बसत नाही म्हणून लोक कोपरे ओढायला लागतात, पर्स्पेक्टिव्ह लावतात, थोडं ताणतात, आणि एवढं ओढल्यावर एकाच माणसाच्या दोन वेगळ्या सह्यासुद्धा बऱ्यापैकी बसवता येतात. कोर्टात समोरच्या वकिलाने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की तुम्ही किती ओढलंत.

त्या केसमध्ये मधलं सगळं बसलं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षराच्या मध्ये पेन क्षणभर कोरडं गेलं होतं, रेघेत बारीक फट पडली होती, तीच फट त्याच जागी पत्रावरच्या सहीतही होती. हाताचं वळण सवयीचं असतं, ते परत परत तसंच येऊ शकतं, पण बॉलपेन कुठे अडखळेल हे सवयीत नसतं. मापही बघितलं. चेकच्या कडांवरून काढलेली सहीची लांबी आणि ए-फोरवरून काढलेली लांबी यात बराच फरक होता, पत्रावरची सही मोठी होती आणि तिच्या रेघाही त्याच प्रमाणात जाड झालेल्या. माणूस मोकळ्या जागेत सही मोठी करतो हे खरं, पण पेनाची रेघ त्याच्याबरोबर जाड होत नाही.

जुळवणीचा हा मुद्दा फार जुना आहे. अमेरिकेत न्यू बेडफर्डच्या सिल्व्हिया अ‍ॅन हाउलँड 1865 मध्ये वारल्या, त्यांच्या मृत्युपत्राला जोडलेल्या दुसऱ्या पानावरची सही मूळ सहीवर हुबेहूब बसते म्हणून ती भाचीने गिरवलीय असा आरोप झाला. हार्वर्डचे गणिती बेंजामिन पर्स आणि त्यांचा मुलगा चार्ल्स यांनी हाउलँडबाईंच्या 42 खऱ्या सह्या घेतल्या, प्रत्येक सही दुसरीवर ठेवून 861 जोड्या तपासल्या आणि प्रत्येक सहीतल्या 30 खाली येणाऱ्या रेघांपैकी किती जुळतात ते मोजलं. सरासरी पाचातली एक रेघ जुळत होती, वादातल्या जोडीत तीसच्या तीस. 1868 मध्ये खटला शेवटी दुसऱ्याच मुद्द्यावर निकालात निघाला आणि त्यांनी काढलेल्या संभाव्यतेवर नंतर टीकाही झाली, कारण एक रेघ जुळली की शेजारची जुळायची शक्यता वाढते हे त्यांनी धरलं नव्हतं. पण पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे: बाबांच्या आठ-दहा खऱ्या सह्या आधी एकमेकींवर ठेवून बघा, म्हणजे त्यांची सही एरवी किती हलते ते कळेल आणि मग या सहीचं जुळणं किती विशेष आहे ते सांगता येईल. नुसती दोन अक्षरांची छोटी सही असेल तर मी फार जपून बोलतो, तिच्यात जुळायला मुळात फार काही नसतंच.

म्हणून आज रात्री बसून करायचं काम म्हणजे मूळ सही शोधणं. बाबांची सही कुठे कुठे फोटोच्या रूपात बाहेर गेलीय त्याची यादी करा, पॅन कार्ड, चेक, भाडेकरार, सोसायटीचे अर्ज, केवायसीचे फॉर्म, ज्यावर सही करून झेरॉक्स दिल्या ते कागद, आणि त्यातलं भावापर्यंत काय पोचलं असेल ते आधी. झेरॉक्सवरच्या स्वयंसाक्षांकनाच्या सह्या विसरू नका, त्या पांढऱ्या मोकळ्या जागेत असतात आणि उचलायला सगळ्यात सोप्या. बाबांना आत्ता बसवून वीस सह्या करायला लावू नका, त्या या तुलनेत कामाच्या नाहीत, जुन्या आणि शक्यतो त्याच काळातल्या, दुसऱ्या कामासाठी सहज केलेल्या हव्यात. आणि मूळ सही सापडली नाही तर सही खरी ठरली असं अजिबात नाही, फक्त ही पायरी रिकामी राहिली.

आता ईएलए. त्यात फोटो एका ठरलेल्या क्वालिटीला परत सेव्ह करतात आणि प्रत्येक जागा किती बदलली ते उजळ-गडद करून दाखवतात. जेपीईजी फोटो आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत साठवला जातो आणि ज्या चौकोनात काळं-पांढरं एकदम बदलतं तिथे जास्त फरक पडतो. कोऱ्या कागदावरची निळी सही म्हणजे नेमकं तेच. त्यामुळे खरी सही पण चमकते, शिक्का पण चमकतो, लेटरहेड पण चमकतं. मोजायचं असेल तर त्याच रंगाची, तेवढ्याच जाडीची शेजारची हाताची अक्षरं कमी चमकतात आणि सही एकटीच जास्त, असा फरक हवा. आणि व्हॉट्सअ‍ॅपने अख्खा फोटो लहान करून परत कॉम्प्रेस केल्यावर तो फरक असला तरी बहुतेक पुसला जातो. ज्याने तुम्हाला बघून सांगितलं त्याला विचारा की पत्राची छापील अक्षरं चमकत होती का. तसंच स्कॅनर अ‍ॅपने काढलेला फोटो असेल तर अजून जपून, ती अ‍ॅप्स कागद पांढराफटक करतात, शाई गडद करतात, सहीभोवती तुटक कडा आणतात, आणि अगदी समोर बसून केलेली सही त्यात कापून लावल्यासारखी दिसते.

आता तो दुसरा रस्ता, आधी बसवून प्रिंट मारलेली. तुमच्या केसमध्ये मला याचीच शक्यता जास्त वाटते कारण पत्र कुठेतरी कागदावर द्यायचं असतं. फोटो चांगला असेल तर निळी सही एकसंध निळी दिसते की निळसर, गुलाबी, काळ्या ठिपक्यांची बनलेली दिसते ते बघा, कारण रंगीत प्रिंटर निळा रंग ठिपके मिसळून करतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोत हे दिसायची आशा धरू नका. पोटातला रंग, कापलेली शेपटी आणि मूळ सहीशी जुळवणी या खुणा मात्र प्रिंटनंतरही टिकतात, म्हणून मी त्यांच्यावर एवढा भर देतोय.

खरं उत्तर कागदात आहे, त्यामुळे मूळ पत्र बघायला मागा, लेखी मागा. ज्या सोसायटीत किंवा ऑफिसात ते दिलं असेल तिथे प्रत्यक्ष जाऊन बघायची परवानगी मागा. हातात आलं तर मोबाईलचा टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा धरा, बॉलपेनने दाबून केलेल्या सहीची खाच दिसते, पाठीमागून बोट फिरवलं तर उठाव लागतो. जेलपेन किंवा शाईपेनची खाच फारशी पडत नाही, म्हणून खाच नाही यावर एकट्यावर जाऊ नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग पाचशे-हजाराच्या आत मिळतं, त्यातून प्रिंटरचे ठिपके आणि पेनाची सलग शाई यातला फरक कोणालाही दिसतो. तिथेच सहीशेजारी स्केल ठेवून सरळ वरून फोटो काढून घ्या. मूळ कागद नाहीच, हरवला, फक्त फोटोच आहे असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या, पुढे त्याचा उपयोग होतो.

प्रकरण कोर्टात जाणार असेल तर फोन जपा. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅशही लिहायचा असतो, म्हणून तो पहिल्याच दिवशी काढायला सांगितलं. तज्ज्ञाचं मत कलम 39 मध्ये येतं, पण त्याला वजन येतं ते मूळ कागदावर दिलेलं असेल तेव्हा.

भावाशी बोलताना एक गोष्ट मात्र धरून चला. सही चिकटवलेली निघाली म्हणजे फसवणूक झालीच असं आपोआप होत नाही. हल्ली लोक स्वतःच्या सहीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवतात आणि घरातलं कोणीतरी त्यांना विचारूनच ती फॉर्मवर लावतं. बाबांनी कधी कोणाला तशी परवानगी दिली होती का, फोनवर हो म्हणाले होते का, हे त्यांना शांतपणे आणि एकटं असताना विचारा, मी विचारतो त्या प्रश्नांत हा पहिल्या तीनात असतो. ते ठाम नाही म्हणाले तर तसं तारीख घालून त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि ज्यांच्याकडे पत्र गेलंय त्यांना बाबांच्या नावाने पत्र द्या की ही संमती मी दिलेली नाही, मूळ कागद दाखवल्याशिवाय यावर पुढची कारवाई करू नये. त्यासाठी सही चिकटवलेली आहे हे आधी सिद्ध व्हायची वाट बघायची गरज नाही.